वक्ररेषेवरचं अर्धं

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलचा हंगाम आला की भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या फोनवर जर्नलच्या पानांचे फोटो येऊ लागतात. त्यातला एक ठरलेला असतो. डावीकडे हातानं आखलेला तक्ता, उजवीकडे ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं काढलेली, घसरत जाणारी वक्ररेषा, आणि खाली दोन प्रश्न : या किरणोत्सारी नमुन्याचं अर्धायुष्य किती, आणि पंधरा मिनिटांनी त्याचा किती भाग उरेल? सूत्र पुस्तकात छापलेलं असतंच. तरी उत्तर चुकतं, आणि बहुतेक वेळा सूत्रापाशी पोचण्याआधीच चुकतं. म्हणून असा एक फोटो घेऊन सावकाश बसू.

नमुना बेरियम-१३७एम या समस्थानिकाचा आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेला तो सोयीचा पडतो, कारण त्याचं अर्धायुष्य जेमतेम अडीच मिनिटांचं. एका तासिकेत सगळा खेळ संपतो. इतकं अल्पायुषी द्रव्य बाजारातून आणून कपाटात ठेवता येणार नाही, हे उघड आहे. ते जागेवरच तयार करावं लागतं. सुमारे तीस वर्षं अर्धायुष्य असलेलं सीझियम-१३७ एका बंद डबीत पक्कं बसवलेलं असतं, आणि ते क्षय पावत असताना त्यातून बेरियम-१३७एम बनत राहतं. डबीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं मिठाचं पाणी ढकललं की बेरियम त्याच्याबरोबर बाहेर येतं आणि सीझियम मागे राहतं. या क्रियेला प्रयोगशाळेत गाय दोहणं म्हणतात. दोहून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबलं की गाय पुन्हा दूध द्यायला तयार! बाहेर आलेले थेंब छोट्या वाटीत घेऊन गायगर काउंटरच्या नळीखाली ठेवायचे, एक मिनिट मोजायचं, एक मिनिट थांबायचं, पुन्हा मोजायचं. फोटोतला तक्ता असा आहे :

| वेळ (मिनिटं) | मोजणी (दर मिनिटाला) |
|---|---|
| ० | १२४८ |
| २ | ७७१ |
| ४ | ४५८ |
| ६ | ३०१ |
| ८ | १९१ |
| १० | १४६ |
| १२ | १०३ |

आकडे वाचण्यापूर्वी फोटोकडे फोटो म्हणून बघायला हवं. फोन तिरका धरला असेल तर ग्राफ पेपरचे चौकोन सगळीकडे सारखे राहत नाहीत. जवळच्या कडेचे मोठे दिसतात, लांबच्या कडेचे बारीक. खात्री करायची असेल तर डाव्या-खालच्या आणि उजव्या-वरच्या कोपऱ्यातले पाच-पाच चौकोन एकमेकांशी ताडून बघावेत. शिवाय जर्नल शिवणीपाशी फुगलेलं असतं, त्यामुळे तिथल्या सरळ रेघाही वाकड्या दिसतात. अशा चित्रावर पडद्याला पट्टी लावून सेंटिमीटर मोजण्यात अर्थ नाही. बिंदूच्या दोन्ही बाजूंच्या छापील रेघा बघायच्या आणि त्यांच्यामध्ये बिंदू कितव्या हिश्शावर आहे ते ठरवायचं. फोटो वाकडा असला तर बिंदू आणि त्याच्या शेजारच्या रेघा बरोबरच वाकलेल्या असतात, म्हणून हे वाचन टिकतं.

दुसरी गोष्ट अक्षांची. उभा अक्ष शून्यापासून सुरू झालाय का? फोटोची खालची कड कापली गेली असेल तर पानावर दिसणारी सगळ्यात खालची रेघ शंभराची असू शकते, आणि मग उंचीचं अर्धं म्हणजे मोजणीचं अर्धं राहत नाही. अर्धं आकड्याचं करायचं असतं, उंचीचं नव्हे.

तक्ता आणि आलेख एकाच फोटोत असण्याचा मोठा फायदा म्हणजे ते एकमेकांचे साक्षीदार असतात. आपल्या फोटोत दुसऱ्या ओळीवर फोनची सावली पडलीय आणि घाईत लिहिलेला पहिला ७ हा १ सारखा दिसतोय. मग आकडा ७७१ की १७१? आलेखावर दोन मिनिटांपाशी पेन्सिलीचा ठिपका ८०० च्या किंचित खाली आहे. खरं तर तेवढ्यावरच निकाल लागला. पण आलेख नसता तरी वाट होती. अशा घसरणीत मधला आकडा त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाजवळ असतो. १२४८ गुणिले ४५८, त्याचं वर्गमूळ ७५६. म्हणजे ७७१ च. हा वर्गमुळाचा नियम कुठून आला, हे पुढे कळेल.

आता पाठ्यपुस्तकी रीत. सुरुवातीची मोजणी १२४८, तिचं अर्धं ६२४. उभ्या अक्षावर ६२४ शोधा, आडवी रेघ वक्ररेषेपर्यंत न्या, तिथून सरळ खाली उतरा. उत्तर येतं २.८ मिनिटं. बहुतेक जण इथे पेन खाली ठेवतात. आपण पुढे जाऊ. ६२४ चं अर्धं ३१२. तिथे रेषा ५.८ मिनिटांना पोचते. त्याचंही अर्धं १५६. तिथे ती ९.५ मिनिटांना पोचते. म्हणजे पहिल्यांदा निम्मं व्हायला २.८ मिनिटं लागली, दुसऱ्यांदा ३.०, तिसऱ्यांदा ३.७.

हे विपरीत आहे. एकाच द्रव्याचं अर्धायुष्य बघता बघता वाढत जाऊ शकत नाही. म्हणून आलेखावरून अर्धायुष्य काढताना मी एकदा निम्मं करून कधीच थांबू देत नाही. किमान तीनदा निम्मं करायला लावतो. पहिलं उत्तर वरकरणी ठीक दिसतं. गडबड उघडी पडते ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळी.

गडबड अशी, की काउंटर फक्त बेरियम मोजत नाही. भिंतीतल्या दगडविटांतून, हवेतल्या रेडॉनमधून आणि आकाशातून येणारे किरणही तो टिपतो. टेबलावरच ठेवलेल्या सीझियमच्या डबीचा वाटा त्यात मिसळतो. शिवाय दोहताना थोडं सीझियम थेंबांत निसटून आलेलं असलं तर तेही मोजलं जातं. या साऱ्याला पार्श्वभूमीची मोजणी म्हणतात. तासाभरात ती जवळजवळ बदलत नाही. खरा नमुना निम्मा-निम्मा होत तळाला जातो, पण ही भर तशीच राहते. म्हणून रेषेची शेपटी शून्याकडे न जाता एका पातळीवर तरंगते आणि शेवटचं निम्मं होणं लांबत जातं.

पार्श्वभूमी कधी मोजायची यातही एक खोच आहे. बरेच जण नमुना ठेवण्यापूर्वी, नळीखाली काही नसताना मोजतात. त्यात भिंती येतात, डबी येते, पण थेंबांत निसटलेलं सीझियम येत नाही. त्यापेक्षा नमुना जागेवर ठेवून अर्ध्या तासानं मोजावं. तोवर सुमारे बारा अर्धायुष्यं उलटलेली असतात, बेरियम चार हजारांत एक इतकंच राहिलेलं असतं, आणि आपल्या १२००च्या आसपासच्या मोजणीत त्याचा वाटा एकाहूनही कमी भरतो. जे मोजलं जातं ते सगळं परकं. या फोटोत पानाच्या कोपऱ्यात, सहज नजरेतून सुटेल अशा जागी लिहिलंय : अर्ध्या तासानंतर दहा मिनिटांची मोजणी ६००. म्हणजे मिनिटाला ६०.

प्रत्येक आकड्यातून ६० वजा केले की तक्ता होतो ११८८, ७११, ३९८, २४१, १३१, ८६, ४३. पुन्हा वक्ररेषा काढा आणि पुन्हा तीनदा निम्मं करा. ५९४ ला २.६ मिनिटं, २९७ ला ५.२, १४८ च्या जवळ ७.६. तीन अर्धायुष्यांना मिळून ७.६ मिनिटं, म्हणजे एकाला साधारण २.५. छापील संदर्भातला आकडा २.५५ आहे. केवळ एका वजाबाकीनं २.८ चं उत्तर जागेवर आलं.

आलेखाची रेषा हातानं काढलेली असते आणि तिच्यात काढणाऱ्याचा हात उतरतोच, म्हणून तक्त्यावरूनही एकदा पडताळावं. शेजारच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं. वजाबाकीपूर्वीची गुणोत्तरं ओळीनं ०.६२, ०.५९, ०.६६, ०.६३, ०.७६, ०.७१ अशी आहेत. ती वर सरकताहेत. वजाबाकीनंतरची ०.६०, ०.५६, ०.६१, ०.५४, ०.६६, ०.५०. ही वरखाली डोलतात, पण कुठल्या एका दिशेनं जात नाहीत. डोलणं स्वाभाविक आहे. क्षय यदृच्छेनं होतो आणि शंभराच्या मोजणीत दहा इकडे-तिकडे होणारच. ढोबळमानानं मोजणीच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता धरतात. शेवटचे ४३ हे १०३ मधून ६० जाऊन उरलेत, पण अनिश्चितता १०३ ची आहे, सुमारे दहाची. ज्याच्यात चौथा हिस्सा शंका आहे अशा आकड्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून पहिल्या आठ मिनिटांवर विसंबावं : ११८८ चे १३१ झाले, चार टप्प्यांत. सरासरी गुणोत्तर ०.५८ भरतं, म्हणजे दर दोन मिनिटांनी शेकडा ५८ उरतात. यावरूनही अर्धायुष्य २.५ मिनिटंच निघतं.

गुणोत्तर एका जागी का थांबावं, या प्रश्नात सूत्राचं सगळं मर्म आहे. १९०० साली अर्नेस्ट रदरफोर्ड माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात थोरियममधून निघणाऱ्या वायूची किरणं फेकण्याची शक्ती मोजत होते. ती सुमारे मिनिटाला निम्मी होत जाते, आणि पुढच्या मिनिटाला उरलेल्याची निम्मी, असं त्यांना आढळलं. समान वेळात समान तुकडा गळत नव्हता, समान हिस्सा गळत होता.

याचं कारण केंद्रकाला वय नसतं. माणसाची किंवा यंत्राची गोष्ट वेगळी. ती जुनी होतात, झिजतात, आणि जितकी जुनी तितकी संपण्याची शक्यता वाढते. बेरियमचं जे केंद्रक दहा मिनिटं तगून राहिलं, ते आत्ता तयार झालेल्या केंद्रकापेक्षा तसूभरही थकलेलं नसतं. पुढच्या सेकंदात क्षय होण्याची दोघांची शक्यता तंतोतंत सारखी. बेरियम-१३७एमसाठी ती सेकंदाला २२१ मध्ये एक आहे. म्हणजे एका सेकंदानंतर २२१ पैकी सरासरी २२० उरतात. दुसऱ्या सेकंदानंतर त्यांचे पुन्हा २२०/२२१. असा हा गुणाकार चालू राहतो. फोनच्या कॅल्क्युलेटरवर २२०/२२१ चा १५३ वा घात काढून बघा, उत्तर ०.५० येतं. १५३ सेकंद म्हणजेच २.५५ मिनिटं. अर्धायुष्य हा काही निसर्गानं वेगळा ठरवलेला आकडा नाही. दर सेकंदाची शक्यता एकदा ठरली की तो आपोआप पडतो.

यावरून पुढचं पाऊल. काही वेळात उरणारा हिस्सा फक्त त्या वेळेच्या लांबीवर ठरतो, घड्याळ कधी लावलं त्यावर नाही. दोन मिनिटांत ०.५८ उरतात, त्या उरलेल्यांच्या दृष्टीनं गोष्ट नव्यानंच सुरू होते, आणि पुढच्या दोन मिनिटांत त्यांतले पुन्हा ०.५८. चार मिनिटांनंतर उरले ०.५८ × ०.५८, म्हणजे ०.३४. थोडक्यात, वेळांची बेरीज होते तिथे हिश्शांचा गुणाकार होतो. मघाचा वर्गमुळाचा नियम इथूनच येतो. मधल्या आकड्यापर्यंत येताना जो गुणक लागतो तोच तिथून पुढे जातानाही लागतो.

एका अर्धायुष्यानंतर १/२, दोनांनंतर १/४, तीनांनंतर १/८ हे सगळ्यांना पटतं. अडखळायला होतं ते अर्ध्या अर्धायुष्याशी. त्यानंतर किती उरेल? पुष्कळ जण ०.७५ म्हणतात, कारण १ आणि ०.५ यांच्या बरोबर मधे ते आहे. पण अर्ध्या अर्धायुष्यात उरणारा हिस्सा स्वतःशीच गुणला की पूर्ण अर्धायुष्याचा हिस्सा, म्हणजे ०.५, यायला हवा. ०.७५ चा वर्ग ०.५६ होतो, जमलं नाही. ०.५ चं वर्गमूळ ०.७१, तेच बरोबर. एक तृतीयांश अर्धायुष्याला घनमूळ. अशा रीतीनं कुठल्याही अपूर्णांकाला अर्थ मिळतो, आणि वेळ t, अर्धायुष्य T, सुरुवातीची संख्या N₀ असेल तर उरलेली संख्या

N = N₀ × (1/2)^(t/T)

अशी लिहिता येते. केंद्रकाला वय नाही, एवढं एक मान्य केलं की दुसरं कुठलं सूत्र बसतच नाही. पुस्तकांत हेच बऱ्याचदा e च्या घातात आणि λ या चिन्हासह लिहिलेलं असतं. λ म्हणजे आपली ती २२१ मध्ये एकची शक्यता, आणि ०.६९३ ला λ नं भागलं की T मिळतो. पोशाख निराळा, माणूस तोच.

सूत्राची परीक्षा घेऊ. सात मिनिटांना मोजणी घेतलेली नाही. तिथे किती असावी? ७ भागिले २.५ म्हणजे २.८ अर्धायुष्यं; १/२ चा २.८ वा घात ०.१४४, गुणिले ११८८ म्हणजे १७१. तक्त्यातल्या सहा आणि आठ मिनिटांच्या आकड्यांचं, २४१ आणि १३१ यांचं, गुणाकाराचं वर्गमूळ १७८. शंका सांभाळून दोन्ही जुळतात. साधी सरासरी १८६ आली असती. वक्ररेषा खालून पोट काढून जाते, म्हणून सरळ सरासरी नेहमी जास्तच सांगते.

पण मोजणी म्हणजे उरलेलं प्रमाण का? काउंटर केंद्रकं मोजत नाही, मोडणारी केंद्रकं मोजतो, आणि तीही सगळी नाही. वाटीतून किरण चहूबाजूंना जातात, थोडेच नळीकडे येतात, आणि आलेल्या गॅमा किरणांपैकी जेमतेम शंभरांत एखादा नोंदवला जातो. आपल्या मांडणीत दोन हजार क्षयांमागे साधारण एक टिपला जातो. तरी चालतं, कारण दर सेकंदाला मोडणारी केंद्रकं म्हणजे असलेल्यांचा २२१ वा हिस्सा, आणि मोजणी म्हणजे त्यांचा ठरावीक अंश. मूळ संख्या निम्मी झाली की मोजणी निम्मी. अट एकच, वाटी आणि नळी जागची हलता कामा नये. मध्येच कुणाचा धक्का लागून वाटी सरकली तर आलेखात एक पायरी दिसते. त्या पायरीच्या अलीकडची आणि पलीकडची मोजणी एकत्र करू नये.

नमुना फार तीव्र असेल तर उलटी खोट येते. गायगर नळी एक किरण टिपल्यावर सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागापुरती आंधळी होते. सेकंदाला वीस-एकवीस मोजणीत हे नगण्य आहे. पण सेकंदाला हजार असते तर दहा टक्के निसटले असते, आणि तेही फक्त सुरुवातीला. अशा आलेखाचा माथा दबलेला असतो आणि पहिलं अर्धायुष्यच लांब येतं, पुढची ताळ्यावर येतात. पार्श्वभूमीची खोट शेपटीत दिसते, आंधळेपणाची माथ्यावर. एवढं लक्षात ठेवलं तर फोटोवर नजर टाकूनही दोष कुठला ते सांगता येतं.

'उरलं' म्हणजे वजन उरलं असा समज मात्र नको. वाटी काट्यावर ठेवली तर अर्धायुष्यानंतर ती निम्मी भरत नाही. बेरियम-१३७एमचं केंद्रक जास्तीची ऊर्जा टाकून देतं आणि साधं, स्थिर बेरियम-१३७ होऊन तिथेच राहतं.

आता पानाखालचा प्रश्न : पंधरा मिनिटांनी किती उरेल? आलेख बारा मिनिटांना संपतो. रेषा अंदाजानं पुढे ओढायचा मोह होतो, पण तिथे हात कुठेही जाऊ शकतो. सूत्रानं १५ भागिले २.५ म्हणजे सहा अर्धायुष्यं, हिस्सा १/६४, म्हणजे १.६ टक्के, मिनिटाला साधारण १९ मोजण्या. छापील २.५५ घेतलं तर १.७ टक्के. आपल्या अर्धायुष्यात दोन टक्क्यांचा फरक, तर उत्तरात आठ टक्क्यांचा. वेळ जितका लांबवू तितकी अर्धायुष्यातली बारीक चूक फुगत जाते. शिवाय ६० च्या पार्श्वभूमीवर ते १९ एका मिनिटाच्या मोजणीत धड ओळखूही येणार नाहीत. म्हणून उत्तर 'दीड ते पावणेदोन टक्के' असं लिहावं. १.५६२५ लिहिणाऱ्याचे मी असतो तर गुण कापले असते.

सूत्रालाही एक टोक आहे. नमुना सुरुवातीला सेकंदाला ३७,००० क्षयांचा, म्हणजे जुन्या मापात एक मायक्रोक्युरी धरला, तर २२१ नं गुणून वाटीत ८२ लाखांच्या आसपास केंद्रकं होती. तेवीस वेळा निम्मं केलं की ८२ लाखांचं एक होतं, आणि तेवीस अर्धायुष्यं म्हणजे एक तासही नाही. त्यानंतर आणखी दोन अर्धायुष्यं गेली की सूत्र सांगतं ०.२५ केंद्रक उरलं. पाव केंद्रक असत नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की चार टेबलांवर चार जणांनी हाच प्रयोग लावला तर तासाभरानं चौघांच्या वाट्या मिळून सरासरी एक केंद्रक अजून मोडायचं राहिलेलं असेल.